एका मिरचीच्या तीन जाहिराती

*नमस्कार. मी पेडण्याची. घरी केलेलं पुरुमेंताचं सामान खरेदी-विक्रीच्या एका साइटवर मोबाइलवरून विकते. सोलां, चिंच, हरमलची मिरची, आंबोशी, फणसाचे पापड आणि नाचणीचे पापड अशा सहा जिनसा. प्रत्येकीची पाव, अर्धा आणि एक किलोची वेगळी जाहिरात, म्हणजे अठरा. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बसले आणि एकामागून एक टाकत गेले. अकरावी गेली आणि ‘मी रोबो नाही’ सुरू झालं. बस दाखवा, सिग्नल दाखवा, जिना दाखवा. बरोबर दाखवलं तरी पुन्हा नवीन चित्रं. भाच्याने व्हीपीएन घालून दिलं, इनकॉग्निटोमधून करून बघितलं, एरोप्लेन मोड चालू-बंद केला. आता तर साइट उघडतानाच अडवतात. माझं खातं बंद केलं का? पाऊस तोंडावर आला, सामान घरात पडून आहे. मी माणूस आहे हे यांना पटवायचं कसं?*

*– एक वाचक, पेडणे*

ताई, खातं बंद झालेलं दिसत नाही. ज्याचं खातं बंद करायचं त्याला साइट चित्रं दाखवत बसत नाही. लॉगिनच होऊ देत नाही, नाहीतर खातं थांबवल्याचं सरळ लिहून दाखवते. तुम्हाला अडवलंय ते संशयाने, आणि संशय उतरतो. मात्र रविवार रात्रीपासून जे जे उपाय झाले, त्या प्रत्येकाने तो थोडा वाढवला आहे. म्हणून आज एकच करा: या साइटवर काही टाकू नका, चित्रंही सोडवू नका. उद्या सकाळपर्यंत थांबा.

मी काही वर्षं अशाच एका साइटच्या तपासणीत काम केलं आहे. तुमची रविवारची रात्र तिथल्या पडद्यावर कशी दिसली असेल ते सांगतो. तुमचं घर तिथे दिसत नाही, समोर पसरलेली आंबोशी दिसत नाही. दिसतात त्या अकरा ओळी. एकच खातं, एकच फोन नंबर, दर दोनेक मिनिटांनी एक जाहिरात. मजकूर अक्षरशः तोच, फक्त ‘पाव किलो’च्या जागी ‘अर्धा किलो’ आणि मग ‘एक किलो’. फोटोही तोच. आता एखादा माणूस प्रोग्रॅम लावून खोट्या नोकऱ्यांच्या किंवा भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती ओततो, त्या कशा दिसतात? हुबेहूब अशाच. एक साचा, त्यात एखादा शब्द बदललेला, ठरावीक अंतराने. तुम्ही काही गैर केलं नाही, पण त्या ओळींत तुम्हाला त्याच्यापासून वेगळं काढायला काही नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमची मूळ अडचण वेगाची कमी आणि सारखेपणाची जास्त आहे. सहा वेगवेगळ्या जिनसांच्या सहा जाहिराती तुम्ही त्याच रात्री टाकल्या असत्या, तर बहुधा काहीच झालं नसतं.

आता त्या चित्रांविषयी. बस ओळखता आली म्हणजे माणूस, असं तिथे फार काळ राहिलेलं नाही. चित्रं ओळखणारे प्रोग्रॅम केव्हाच तयार झाले. गूगलने २०१४ मध्ये नुसत्या एका चौकटीवर टिचकी मारायची पद्धत आणली तीच या विचाराने: टिचकी मारेपर्यंत ब्राउझर कसा वागला, तो आधीपासून ओळखीचा आहे का, कुठल्या नेटवर्कवरून आला, यावर बराचसा निर्णय होतो. २०१८ च्या पुढच्या आवृत्तीत तर चौकटही नाही. तुमच्या प्रत्येक कृतीला ० ते १ मधला एक गुण मिळतो; १ च्या जवळ म्हणजे माणूस, ० च्या जवळ म्हणजे यंत्र. किती गुणांखाली अडवायचं ते प्रत्येक साइट आपापलं ठरवते. चित्रांची वेळ येते ती निकाल संशयाकडे झुकल्यावर. त्यामुळे सगळ्या बसा बरोबर दाखवूनही पुढची चित्रं येतात. तुम्ही चुकत नव्हता. तुमच्या उत्तराला तिथे तेवढं वजनच उरलं नव्हतं.

हे लक्षात घेतलं की भाच्याचे उपाय का उलटले ते कळतं. पोराने चांगल्या मनानेच केलं, त्याला रागावू नका.

व्हीपीएन आधी. इंटरनेटवर तुम्ही कुठून आलात हे साइटला एका पत्त्यावरून कळतं, त्याला आयपी म्हणतात. फुकटच्या व्हीपीएनमध्ये जगभरातली असंख्य माणसं मोजक्या पत्त्यांमधून बाहेर पडतात, आणि त्यांत फसव्या जाहिराती ओतणारेही असतात. ते पत्ते आधीच बदनाम. तुम्ही पेडण्याहून स्वच्छ निघालात आणि त्या गर्दीत जाऊन उभ्या राहिलात. शिवाय पाच मिनिटांपूर्वी गोव्यात असलेलं खातं अचानक दुसऱ्या देशातून बोलू लागलं, ही आणखी एक खूण. व्हीपीएन नुसतं बंद करू नका, ते ॲपच काढून टाका. काही ॲपं फोन चालू होताच आपोआप जोडली जातात. वर बॅटरीजवळ किल्लीचं चिन्ह दिसत असेल तर ते अजून चालू आहे असं समजा.

इनकॉग्निटोचं उलटं आहे. तिथे पत्ता तोच राहतो, पण ओळख पुसली जाते. रोजच्या ब्राउझरमध्ये साइटने ठेवलेल्या छोट्या नोंदी असतात, कुकीज. हा फोन महिनाभर येतोय, याच खात्याने लॉगिन होतो, मागच्या वेळी तपासणीत पास झाला, हे त्यांच्यावरून कळतं. इनकॉग्निटोमध्ये तुम्ही कोऱ्या पाटीने आलात, आणि खिडकी बंद केली की पुन्हा कोऱ्या. नेहमीचा दुकानदार उधारीवर देतो, पण तोंडावर फडकं बांधून गेलं तर विचारणारच. एखाद्या गप्पांच्या ॲपमधली लिंक त्या ॲपच्या आतच उघडते, तेव्हाही बऱ्याचदा हेच होतं. तो आतला ब्राउझर वेगळा असतो आणि तुमचं नेहमीचं लॉगिन त्याला ठाऊक नसतं. साइट नेहमी क्रोममधूनच उघडा, आणि एकाच क्रोममधून.

एरोप्लेन मोडची गोष्ट थोडी खोल आहे, आणि मोबाइल डेटावरच्या प्रत्येकाला लागू आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात साधारण ४३० कोटीच आहेत, फोन त्याहून जास्त. म्हणून मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना बाहेरच्या जगाकडे एकाच पत्त्यावरून पाठवतात. एका वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची पत्रं एकाच नावाने यावीत तसं. त्यातल्या कुणाच्या फोनने दंगा केला तर त्या पत्त्यावरून येणाऱ्या सगळ्यांकडे वाकड्या नजरेने पाहिलं जातं. एरोप्लेन मोड चालू-बंद केला की बहुधा नवा पत्ता मिळतो. कधी बरा, कधी आधीपेक्षा वाईट. पण काही तपासण्या पास झाल्याची नोंद पत्त्याशी बांधून ठेवतात. पत्ता बदलला की ती नोंद बाद, आणि पुन्हा पहिल्यापासून चित्रं. एकाच खात्याचा पत्ता तासाभरात पाच वेळा बदलला तर तेही यंत्रासारखंच दिसतं, कारण पत्ते फिरवत राहणं ही त्या ओतणाऱ्यांचीच युक्ती.

आपल्याकडे हे एरोप्लेन मोडशिवायही घडतं. घरातलं वायफाय अशक्त झालं की फोन न विचारता मोबाइल डेटावर उडी मारतो, मग परत वायफायवर. वीज लपंडाव खेळत असेल तर विचारायलाच नको. जाहिरात लिहायला सुरुवात एका पत्त्यावरून आणि ‘पोस्ट’ दाबलं दुसऱ्यावरून. म्हणून काम चालू असताना दोहोंपैकी एकच चालू ठेवा. घरात वायफाय भरवशाचं असेल तर तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करा.

उद्या सकाळी आधी रोग नेमका कुठे आहे ते बघायचं. तीन गोष्टी करून पाहायच्या, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा. त्याआधी एवढी तयारी हवी: व्हीपीएन काढलेलं, फोनची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवलेली, क्रोम अपडेट केलेलं. (घड्याळ पुढेमागे असेल तरी काही तपासण्या गोल गोल फिरत राहतात.) पहिल्यांदा मोबाइल डेटावर नेहमीच्या क्रोममध्ये साइट नुसती उघडा. काही टाकू नका, फक्त चार जाहिराती वाचा. उघडली आणि अडवलं नाही, तर नेटवर्क आणि ब्राउझर दोन्ही सुटले. उघडतानाच अडवलं तर शेजारच्या घरी किंवा बहिणीकडे जाऊन त्यांच्या वायफायवर तोच फोन, तोच क्रोम घेऊन बघा. तिथे सुरळीत उघडलं तर दोष तुमच्या मोबाइल नेटवर्कच्या पत्त्याचा. हे ताडून पाहायला आणखी एक खूण आहे: गूगलवर साधा शोध घेतानाही `unusual traffic from your computer network` असं वाक्य येत असेल, तर तुमच्या साइटचा त्यात काही संबंध नाही, पत्ताच बदनाम झालाय. तिथे तुम्ही करण्यासारखं फार नाही, दुसरं नेटवर्क वापरणं एवढंच.

शेजारच्या वायफायवरही अडवलं तर ब्राउझर बघा. क्रोमच्या तीन ठिपक्यांत `Settings`, मग `Site settings`, मग `All sites`. त्यात फक्त या साइटचं नाव शोधून तिचा डेटा पुसा आणि नव्याने लॉगिन करा. सगळ्या साइटींचा इतिहास पुसू नका, नाहीतर तुमचा फोन सगळीकडेच अनोळखी होईल आणि जिथे त्रास नव्हता तिथेही चित्रं सुरू होतील. आणि साइट छान उघडते, वाचता येतं, पण ‘पोस्ट’ दाबल्यावरच अडतं, कुठल्याही नेटवर्कवर? मग खूण तुमच्या खात्यावर किंवा नंबरवर आहे. तुमच्या पत्रावरून मला वाटतं दोन्ही झालंय: आधी खात्यावर, आणि नंतर त्या व्हीपीएनमुळे पत्त्यावरही. व्हीपीएन गेल्यावर उघडतानाचा अडथळा जाईल आणि फक्त पोस्ट करतानाचा उरेल, असा माझा अंदाज.

आता एक अगदी बारीक गोष्ट. तुम्ही चौकटीवर टिचकी केव्हा मारता? पुष्कळ जण फॉर्म उघडताच आधी ते संकट उरकून टाकतात आणि मग निवांत मजकूर लिहितात, फोटो चढवतात. इथे पेच आहे. गूगलच्या चौकटीने दिलेली मान्यता दोनच मिनिटं टिकते आणि एकदाच चालते. हिरवी खूण आली, तुम्ही मिरचीचं वर्णन लिहीत बसलात, मध्येच कुणी हाक मारली, तोवर मान्यता संपली. चौकटीखाली बारीक लाल अक्षरांत `Verification expired. Check the checkbox again.` असं येतं, पण मोबाइलवर तो भाग कीबोर्डखाली झाकलेला असतो. तुम्हाला वाटतं पास झालो, साइटला वाटतं नापास. म्हणून मजकूर आधी नोट्समध्ये लिहून ठेवा, फॉर्ममध्ये आणा, फोटो पूर्ण चढू द्या, आणि टिचकी सगळ्यात शेवटी, ‘पोस्ट’च्या लगेच आधी. ‘पोस्ट’ एकदाच दाबा. गोल फिरत असताना दोन-तीनदा दाबलं तर तीच मान्यता पुन्हा वापरल्यासारखी होते आणि ती बाद ठरते.

चित्रांतलं एक चिन्हही ओळखायला शिका. दाबलेलं चित्र हळूहळू विरून त्या जागी नवं येत असेल, आणि हे बराच वेळ चालू असेल, तर संशय दाट आहे, तिथेच थांबा. आवाज ऐकून लिहायचा पर्याय घेतल्यावर `Your computer or network may be sending automated queries` असं वाक्य आलं, तर त्या वेळी तो दरवाजा बंदच आहे. पुढे दाबत राहिलात तर प्रत्येक फसलेला प्रयत्न तुमच्याच नावावर जमा होतो.

मग जाहिराती टाकायच्या कशा? सहाच करायच्या. प्रत्येक जिनसेची एक, आणि तिन्ही वजनं तिच्यातच. मिरचीची मी अशी लिहीन: ‘हरमलची मिरची, यंदाची, घरच्या अंगणात वाळवलेली. देठ काढून किंवा देठासकट. पाव, अर्धा आणि एक किलोच्या पिशव्या, भाव खाली. पेडण्याहून नेता येईल. म्हापशाला बाजाराच्या दिवशी, शुक्रवारी, आणून देऊ.’ सोलांच्या जाहिरातीत यातलं एकही वाक्य उचलू नका. सोलां किती वेळा रसात बुडवून वाळवलीत ते लिहा, मीठ घातलंय का ते लिहा. नाचणीच्या पापडांत एका पुड्यात किती येतात ते लिहा. फोटो प्रत्येकीचा वेगळा. गिऱ्हाईकही अशीच जाहिरात वाचतं; त्याला एका मिरचीसाठी तीन पानं उघडावी लागत नाहीत.

उद्या जुन्या अकरा जाहिरातींना हात लावू नका. एका झटक्यात अकरा पुसणं हेही यंत्रासारखंच. साइट सुरळीत उघडली की पहिल्या दिवशी मिरचीच्या तीनपैकी एकीत नवा मजकूर घालून ती बदला, आणि उरलेल्या दोन काढा. एवढंच. बदल बिनबोभाट झाला तर दुसऱ्या दिवशी सोलां आणि चिंच, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी आंबोशी. पापड तोवर टाकायचेच राहिले असतील तर ते शेवटी, नवीन जाहिरात म्हणून. किती अंतर ठेवलं की चालतं हा आकडा कुठलीही साइट सांगत नाही, कारण सांगितला तर ओतणारे बरोबर तेवढंच अंतर ठेवतील. माझा नियम साधा आहे: पहिलं चित्र दिसलं की त्या दिवसाचं काम थांबलं. पहिलं चित्र हा इशारा असतो. तुम्हाला तो अकरावीनंतर मिळाला आणि तुम्ही घाई असल्याने पुढे गेलात.

साइटचं स्वतःचं ॲप असेल तर ते वापरून बघा. तिथे लॉगिन टिकून राहतं आणि ब्राउझरच्या भानगडी कमी होतात. फक्त ते प्ले स्टोअरवरूनच घ्या. आणि विक्रेत्यांसाठी वेगळं खातं असेल तर तुमच्यासारख्या दर हंगामात माल टाकणाऱ्यांनी ते घ्यावंच. तिथे जास्त जाहिराती अपेक्षितच असतात.

दोन गोष्टींपासून मात्र दूर राहा, हे मी काळजीपोटी सांगतोय. ‘तुमचं उरलेलं इंटरनेट वाटा आणि पैसे कमवा’ म्हणणारी ॲपं असतात. ती तुमच्या फोनमधून परक्यांची वाहतूक बाहेर सोडतात, आणि त्या परक्यांनी केलेला सगळा उद्योग तुमच्या पत्त्यावर लिहिला जातो. भाच्याने असं काही घातलं असेल तर आजच काढा. कितीही सावकाश जाहिराती टाकल्यात तरी ते ॲप असेपर्यंत चित्रं सुटणार नाहीत. दुसरी म्हणजे खोटी तपासणी. काही पानं रोबो नसल्याचं सिद्ध करायला `Allow` दाबा म्हणतात, किंवा एखादी फाइल उतरवून घ्यायला सांगतात. खरी तपासणी नोटिफिकेशनची परवानगी मागत नाही, ॲप घालायला सांगत नाही, ओटीपी तर कधीच मागत नाही. सध्या तुम्ही इतकी चित्रं बघताय की हात सवयीने ‘होय’वर जाईल. जपा. चुकून दाबलं गेलं असेल तर क्रोमच्या त्याच `Site settings` मध्ये `Notifications` उघडून अनोळखी साइट बंद करा.

हे सगळं करून चार दिवसांनीही फक्त ‘पोस्ट’वरच अडत असेल तर मदत विभागाला लिहा. ‘कॅप्चा येतो’ एवढंच लिहिलं तर तुम्हाला ठरावीक उत्तर येईल. त्यांना शोधता येईल असं लिहा: खात्याचा नंबर, किती वाजता अडलं, कुठल्या कंपनीचा मोबाइल डेटा की वायफाय, पडद्यावर आलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि स्क्रीनशॉट. अडवणाऱ्या पानाच्या तळाशी `Ray ID` असं लिहून पुढे अक्षरं-आकडे असतील तर तेही उतरवा. त्यावरून त्यांना नेमका तो प्रसंग काढता येतो. आणि स्वतःच कबूल करा: ‘रविवारी रात्री मी एकाच मजकुराच्या अकरा जाहिराती टाकल्या. त्या आता एकत्र करून सहा करते आहे. माझ्या खात्यावरचा निर्बंध तपासून बघावा.’ मी त्या खुर्चीत असताना अशी पत्रं आधी हातात घेत असे, कारण त्यात मला विचारायचं काही उरलेलं नसे.